बाटलीवरचं बारीक अक्षर

माझी मुलगी दीड महिन्याची असताना दिवेलागण झाली की रडायला लागायची, ती रात्री नऊ-दहापर्यंत. पाय पोटाशी घ्यायची, मुठी आवळायची, चेहरा लालबुंद व्हायचा. दिवसा मात्र नीट दूध प्यायची, वजनही वाढत होतं. सासूबाई म्हणाल्या, "पोटात वारा धरलाय गं, ग्राइप वॉटर पाज." यांनी मेडिकलमधून पोटदुखीचे थेंब आणले. माहेरहून गुटी उगाळायला शेतातला मध आला. सगळ्यांना लेकराची कळकळ होती, म्हणूनच हे लिहिते.

थेंबांच्या खोक्यावर सिमेथिकोनच्या जोडीला आणखी एक नाव होतं, डायसायक्लोमाइन. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, सहा महिन्यांखालच्या बाळाला देऊ नये. मी जालन्याच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "एक थेंबही देऊ नका." हे औषध आतड्याचा पीळ सैल करतं, पण एवढ्या लहान बाळांमध्ये त्याने श्वास अडखळल्याच्या, झटके आल्याच्या, अंग लुळं पडल्याच्या नोंदी आहेत. दुकानात नुसत्या सिमेथिकोनची बाटली आणि ही जोडऔषधाची बाटली शेजारीशेजारी असतात, दिसायलाही सारख्याच. म्हणून "बाळाच्या पोटदुखीचं द्या" एवढंच सांगून औषध आणू नका. बाळाचं वय सांगा आणि खोक्यावरचं घटकांचं नाव स्वतः वाचा. मोठ्यांच्या पोटदुखीच्या गोळीतही डायसायक्लोमाइन असतं, तिचा तुकडा उगाळून द्यायचा विचारसुद्धा नको.

नुसतं सिमेथिकोन अंगात शोषलं जात नाही. ते पोटातले बारीक बुडबुडे एकत्र करतं आणि शौचावाटे निघून जातं. त्याचा धोका कमी, पण चाचण्यांमध्ये ते औषध नसलेल्या थेंबांपेक्षा जास्त उपयोगी ठरलेलं नाही. द्यायचंच तर मात्रा डॉक्टरांकडूनच घ्या, कारण एका मिलिलीटरमध्ये किती औषध आहे ते प्रत्येक बाटलीत सारखं नसतं. ग्राइप वॉटर 1851 मध्ये इंग्लंडात नॉटिंगहॅमला निघालं. त्यात आपल्याच बाळंतशेपाचं तेल, सोडा आणि चक्क दारू होती. आता दारू काढली, पण कित्येक बाटल्यांत साखर असते, आणि रडं थांबतं याचा भक्कम पुरावा नाही. मग शेजारणीच्या लेकराला गुण कसा आला? हे रडणं साधारण सहाव्या आठवड्यात सर्वांत वाढतं आणि तीन-चार महिन्यांत आपोआप ओसरतं. त्या वेळी जी बाटली चालू असेल तिला श्रेय मिळतं.

आम्ही दूध पाजल्यावर तिला खांद्यावर घेऊन ढेकर काढायचो, पालथी हातावर घेऊन अंगणात फिरवायचो आणि मी थकले की सासूबाई घ्यायच्या. रडणाऱ्या बाळाला वैतागून जोरात हलवू नये, त्याने मेंदूला इजा होते. ताप, हिरवी उलटी, शौचात रक्त, दूध सोडणं किंवा अंग ढिलं पडणं यातलं काहीही दिसलं तर ते साधं पोट दुखणं नव्हे, लगेच दवाखाना गाठायचा.

मध द्यायचा नाही, हे घरात कुणालाच पटेना. "आपल्या शेतातला, शुद्ध आहे," असं माझी आई पुन्हापुन्हा म्हणत होती. पण इथे भेसळीचा प्रश्नच नाही. मातीतल्या बोटुलिनम जंतूंचे बीजाणू शुद्ध मधातही असू शकतात आणि घरी उकळून ते मरत नाहीत. मोठ्यांच्या आतड्यात ते रुजत नाहीत. वर्षाखालच्या बाळाच्या आतड्यात मात्र रुजून विष तयार करू शकतात. असं क्वचित घडतं, पण घडलं तर बाळाला श्वासासाठी यंत्रावर ठेवावं लागू शकतं. सुरुवात बहुतेकदा बद्धकोष्ठाने होते, ताप सहसा नसतो, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. मग दूध ओढायचा जोर कमी होतो, रडणं क्षीण होतं, पापण्या जड होतात, मान सावरत नाही. जन्मल्यावर चाटवायचा मध, गुटीतला मध, चोखणीला लावलेला मध, सगळ्यांना हेच लागू आहे.

पुढे थंडीत तिला खोकला झाला तेव्हा आशाताईंनी दोनच गोष्टी सांगितल्या: नाक चोंदलं तर पाजण्याआधी मिठाच्या पाण्याचे मेडिकलमध्ये मिळणारे थेंब नाकात घाला, आणि दूध थोडं थोडं पण वारंवार पाजा. खोकल्याचं सिरप नाही. 2025 मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याची लेकरं विषारी सिरपमुळे मूत्रपिंड निकामी होऊन दगावली, त्यातली कित्येक नागपूरच्या दवाखान्यांत आणली होती. त्यानंतर केंद्र सरकारनेही दोन वर्षांखालच्या मुलांना खोकल्या-सर्दीची औषधं देऊ नयेत असं बजावलं.

आशाताईंनी मला श्वास मोजायलाही शिकवलं. बाळ शांत असताना पोटाकडे बघत पूर्ण एक मिनिट मोजायचं. दोन महिन्यांपर्यंत साठ किंवा जास्त, त्यापुढे वर्षापर्यंत पन्नास किंवा जास्त भरले, किंवा श्वासागणिक बरगड्यांखाली छाती आत ओढली जात असेल, तर घरचा उपाय थांबवून दवाखान्यात जायचं. मध आम्ही वाढदिवस झाल्यावरच काढला, खोकल्याच्या रात्री झोपताना अर्धा चमचा.