आईच्या नंबरावर रिचार्ज करताना



आपल्या वसतिगृहात शिकून गेलेली बरीच मुले आज चाकण, नाशिक, सुरत अशा ठिकाणी कामाला आहेत. घरी पैसे पाठवण्याबरोबर दर महिन्याला आणखी एक काम ती न चुकता करतात, ते म्हणजे गावाकडच्या आईवडिलांच्या मोबाईलचे रिचार्ज. धडगावच्या वरच्या पाड्यांतून रिचार्जच्या दुकानापर्यंत यायचे म्हणजे अर्धा दिवस मोडतो, म्हणून मुलगा शहरातूनच करतो. हे काम पाच मिनिटांचे आहे, पण चुकले तर काय होते ते मागच्या पावसाळ्यात आम्ही पाहिले.

चाकणला काम करणाऱ्या एका तरुणाचा मोबाईल चोरीला गेला. नव्या मोबाईलमध्ये कोणाचेच नंबर नव्हते. त्याने मामेबहिणीकडून आईचा नंबर मागवला. तिने वहीच्या पानाचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला. पानावर बाकीचे अंक इंग्रजी पद्धतीने लिहिलेले होते, पण शेवटून तिसरा अंक तिने सवयीने देवनागरी १ काढला होता. याने तो इंग्रजी 9 वाचला. शेवटचे चार अंक 4157 असायला हवे होते, त्याने 4957 टाकले, १९९ रुपये भरले आणि पडद्यावर रिचार्ज यशस्वी झाल्याची हिरवी खूण आली.

आईचा फोन मात्र लागेना. पावसात टॉवर बंद असेल असे त्याला वाटले. चौथ्या दिवशी मी पाड्यावर गेलो तेव्हा आई तापाने पडलेली होती, आणि मुदत संपल्यामुळे तिच्या फोनवरून आशाताईंनाही फोन लागत नव्हता. मी माझ्या फोनवरून आशाताईंना बोलावले आणि मग मुलाला फोन केला.

रविवारी उपासनेनंतर तो फोनवर होता तेव्हा आम्ही दोघांनी त्याच्या व्यवहाराची नोंद पुन्हा उघडून वाचली. चूक तिथे लिहिलेली होती. आईचे सिम एका कंपनीचे, आणि नोंदीत कंपनीचे नाव दुसरेच. नंबर टाकताच ॲपने कंपनी आपोआप भरली होती आणि त्याने ती न पाहता पुढचे बटण दाबले होते.

इथे एक फरक समजून घ्यावा. यूपीआयने कोणाला पैसे पाठवताना समोरच्याचे बँकेतले नाव दिसते, त्यावरून माणूस ओळखता येतो. रिचार्जमध्ये सिम कोणाच्या नावावर आहे ते ॲप दाखवत नाही. तुमच्या फोनबुकातले नाव दिसले तरी ते तुम्हीच लिहिलेले असते. नंबर चुकीचा लिहून 'आई' म्हणून साठवला असेल तर ॲपही 'आई'च म्हणेल. तेव्हा आपोआप भरलेले कंपनीचे आणि सर्कलचे नाव हाच एक इशारा हाती उरतो. ते ओळखीचे नसेल तर तिथेच थांबावे.

मात्र कंपनीचे नाव वेगळे दिसले म्हणजे नंबर चुकलाच असेही नाही. २०११ पासून देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते, आणि २०१५ पासून राज्य बदलले तरी नंबर तोच ठेवता येतो. त्यामुळे सुरुवातीच्या अंकांवरून कंपनी ओळखण्याची जुनी रीत आता उपयोगाची नाही. कधी कधी कंपनी बदलल्यानंतर ॲपकडे जुनीच माहिती असते. मग खरी कंपनी कोणती ते घरच्या माणसालाच विचारावे लागते. फोनच्या पडद्यावरचे नाव बहुतेक वेळा बरोबर असते, पण रोमिंगवर दुसऱ्याच कंपनीचे नाव दिसू शकते. साध्या बटणांच्या फोनवरही चालणारा उपाय म्हणजे त्याच सिमवरून १९८ हा ग्राहक सेवेचा नंबर लावणे. पलीकडचा आवाज कंपनीचे नाव सांगतो. दोन सिम असतील तर कोणत्या सिमवरून फोन लावला तेही बघायला सांगावे. सर्कलही असेच विचारून घ्यावे. ऊसतोडीला किंवा सुरतेला जाऊन आलेल्या कितीतरी घरांत गुजरातचे सिम आहे. माणूस नंदुरबारात असला तरी त्या नंबराचे सर्कल गुजरातच राहते आणि प्लॅनही तिकडचेच लागतात. मुंबईचे सर्कलही वेगळे आहे, ते 'महाराष्ट्र आणि गोवा' यात येत नाही.

आता नंबराबद्दल. शक्य असेल तर तो टाईप करूच नये. घरच्यांना एक मिस्ड कॉल द्यायला सांगावा आणि आलेल्या कॉलच्या यादीतून नंबर उचलावा. मुदत संपून त्यांचा फोन लागत नसेल तर शेजाऱ्याच्या फोनवरून नंबर वाचून घ्यावा, पण एकेक अंक सुटा. आपल्या मराठीत जोडीने अंक सांगितले की घोटाळा होतो. 'सदुसष्ट' म्हणताना सात आधी ऐकू येतो, म्हणून घाईत ऐकणारा 76 लिहितो. 'एकोणऐंशी' ऐकून 89 लिहिणारे मी पाहिले आहेत. कागदावर लिहिलेले असेल तर देवनागरी १ आणि इंग्रजी 9, देवनागरी ४ आणि इंग्रजी 8, देवनागरी ५ आणि इंग्रजी 4 यांच्याकडे नीट पाहावे, कारण फसगत बहुधा यांच्यातच होते. शेवटी पडद्यावरचे दहा अंक पाच-पाच करून आपण समोरच्याला वाचून दाखवावेत. त्याने पुन्हा सांगितले की आपण आपल्याला हवे तेच ऐकतो.

नंबर नवा असेल तर मी आधी दहा रुपयांचा टॉप-अप करायला सांगतो. त्याने मुदत वाढत नाही, पण घरच्या फोनवर कंपनीचा संदेश येतो. तो आला की ॲपमधल्या त्याच नोंदीवरून पुढचे मोठे रिचार्ज करावे, नंबर पुन्हा टाकू नये. चुकलेच तर दहाच रुपये जातात.

पैसे कापले गेले आणि 'प्रलंबित' दिसले तर दुसऱ्यांदा भरू नये. रिचार्ज फसले तर रक्कम साधारणपणे खात्यात परत येते. पण चुकीच्या, चालू नंबरावर यशस्वी झालेले रिचार्ज सहसा मागे घेता येत नाही. आमच्या तरुणालाही ग्राहक सेवेने हेच सांगितले. त्या 4957 वाल्या नंबरावर त्याने फोन केला. पलीकडचे गृहस्थ सभ्यपणे बोलले, पैसे पाठवतो म्हणाले, आणि अजून पाठवलेले नाहीत. तक्रारीसाठी नंबर हवा म्हणून इंटरनेटवर शोधू नये, तिथे खोटे नंबर टाकून ठेवलेले असतात. ॲपमधलाच मदतीचा भाग उघडावा, आणि कोणी पिन किंवा ओटीपी मागितला तर फोन ठेवावा.

त्या रविवारी आईजवळ बसून मी शेजारच्या मुलाकडून तिच्या फोनवर १९८ लावून घेतला. कंपनी कळली. दहा रुपयांचा टॉप-अप झाला, संदेश त्या मुलाने वाचून दाखवला, मग मोठे रिचार्ज झाले. आईच्या फोनला इंटरनेट लागतच नाही, म्हणून आम्ही नुसत्या बोलण्याचा प्लॅन शोधला. कंपन्यांनी असे प्लॅन ठेवावेत असा नियम ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये केला आहे, पण ॲपमध्ये ते यादीत खाली दडलेले असतात, खाली सरकवत जावे लागते.

नंबर आता तिच्या फोनच्या मागे चिकटपट्टीखाली लिहिला आहे, सगळे अंक इंग्रजीत. मुदत संपण्याची तारीख मामेबहिणीने घरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने केली आहे.