लॅपटॉपची स्क्रीन मॅट घ्यावी की ग्लॉसी? दुकानदारांनी आधी हे बघा

मागच्या व्हिडिओत आपण झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मच्या दुकानासाठी लॅपटॉप कसा निवडायचा ते बघितलं. त्याखाली सगळ्यात जास्त एकच प्रश्न आला. "सर, चकचकीत स्क्रीन घ्यावी की अँटी-ग्लेअर?" दोन मिनिटांत उत्तर देऊन भागलं नसतं, म्हणून इथं सविस्तर लिहितोय.

सुरुवात एका फोनपासून करतो. परळी तालुक्यातल्या धर्मापुरीहून एका ताईंचा फोन आला होता. रस्त्यालगत छोटं दुकान, शटर पश्चिमेला. फॉर्म भरणं, प्रिंट काढणं आणि लग्नसराईत पत्रिका. एका पत्रिकेत "अंबाजोगाई"च्या जागी "अबाजोगाई" छापलं गेलं. अनुस्वाराचा एक ठिपका राहिला आणि तीनशे पत्रिका पुन्हा छापून द्याव्या लागल्या, अर्थातच ताईंच्या खर्चानं. त्या म्हणाल्या, "सर, गिऱ्हाइकाला स्क्रीनवर दाखवूनच छापलं होतं. त्यांनी बरोबर आहे म्हणून सांगितलं."

मी विचारलं, दाखवलं कसं? ताई रस्त्याकडं तोंड करून बसायच्या आणि गिऱ्हाईक समोर, रस्त्याकडं पाठ करून उभं. दाखवायचं म्हणून त्यांनी लॅपटॉप फिरवला, म्हणजे स्क्रीनचं तोंड थेट शटरकडं. वेळ दुपारी चारची, स्क्रीन ग्लॉसी. गिऱ्हाइकानं स्क्रीनवर पत्रिका कमी आणि मागचा उन्हातला रस्ताच जास्त बघितला असणार.

आता जरा हिशोब करू, घाबरू नका. स्क्रीनचा उजेड निट्समध्ये मोजतात. स्वस्तातल्या बऱ्याच लॅपटॉपची स्क्रीन २५० निट्सची असते. कडक उन्हातला रस्ता मोठ्या अंदाजानं ५-६ हजार निट्सनी चमकतो. साधी गुळगुळीत काच समोरून पडलेल्या उजेडातला साधारण ४ टक्के परत फेकते. ६,००० चे ४ टक्के म्हणजे २४० निट्स. म्हणजे स्क्रीनच्या पांढऱ्या भागाचा उजेड २५०, आणि काळ्या अक्षरावरसुद्धा रस्त्याचे २४० येऊन बसले. पांढऱ्यावरही तेवढेच बसतात, म्हणून पांढरं ४९० आणि काळं २४०. फरक जेमतेम दुपटीचा. एवढ्यात मोठी अक्षरं कशीबशी वाचता येतात, पण अनुस्वार, रफार, ऱ्हस्व-दीर्घ वेलांटीचं टोक, हे बारीक सगळं आधी गायब होतं. इंग्रजी मजकुरापेक्षा आपल्या देवनागरीला हा त्रास जास्त, कारण आपला अर्थच ठिपक्यांवर चालतो.

त्या दिवशी आणखी एक गोष्ट झाली होती. लाइट गेलेली होती आणि लॅपटॉप बॅटरीवर होता. चार्जिंग कमी झालं की विंडोजची बॅटरी वाचवणारी सोय चालू होते आणि स्क्रीनचा उजेड आपोआप उतरवते. रस्ता मात्र तेवढाच लख्ख. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग पॉवर अँड बॅटरीमध्ये जाऊन हे उजेड कमी करणं बंद करता येतं. बॅटरी थोडी लवकर संपेल, संपू द्या.

मग मॅट स्क्रीन असती तर? नक्की बरं झालं असतं, पण जादू झाली नसती. मॅट स्क्रीन उजेड गिळत नाही. तिच्या पृष्ठभागावर बारीक खरखरीतपणा असतो, त्यानं परतलेला उजेड सगळीकडं विखुरतो. ट्यूबलाइट ग्लॉसीवर स्पष्ट पांढऱ्या पट्टीसारखी दिसते, मॅटवर तिचा फिकट डाग होतो. उजेडाची जागा लहान असेल, म्हणजे ट्यूब, बल्ब, लांबची खिडकी, तर मॅट बाजी मारते. पण स्क्रीनसमोर अख्खं शटर उघडं असेल किंवा तुम्ही बाहेर मोकळ्यावर बसला असाल, तर सगळीकडूनच उजेड येतो, आणि मॅट स्क्रीनवर दुधाळ धुकं पसरल्यासारखं होतं. थेट ऊन पडलं तर मॅट अख्खी पांढुरकी होते. ग्लॉसीला निदान थोडं वाकवून एखादी काळी वस्तू तिच्यात पाडता येते. म्हणून बाहेरच्या कामाला आधी निट्स बघा, मग मॅट-ग्लॉसी. २५० निट्सची मॅट बाहेर चालत नाही. सावलीत काम करायचं तर ४०० च्या आसपास हवेत, आणि थेट उन्हात तेही कमीच पडतात.

डोळे दुखतात त्याचं काय? ग्लॉसीत पडलेली ट्यूबची प्रतिमा डोळ्याला काचेवर दिसत नाही, काचेच्या मागं लांब दिसते. अक्षर दीड-दोन फुटांवर आणि प्रतिमा आठ-दहा फुटांवर, त्यामुळं नजर दोन्हीकडं ओढली जाते. मॅटवर स्पष्ट प्रतिमाच नसल्यानं ही ओढाताण कमी होते. दुसरं म्हणजे चमक चुकवायला आपण नकळत मान वाकडी करून बसतो. संध्याकाळी मान आखडली आणि डोळे बरे असतील तरी कारण स्क्रीनच असू शकतं.

आता ताईंनी काय केलं ते सांगतो. नवा लॅपटॉप घेतला नाही. मी त्यांना एक चाचणी सांगितली, ती तुम्हीही करा. लॅपटॉप पूर्ण बंद करा आणि रोजच्या जागी बसून काळ्या स्क्रीनमध्ये बघा. आरशासारखं जे जे दिसेल, तेच कामाच्या वेळी अक्षरांवर बसतं. मॅट असेल तर जिथं फिकट डाग दिसतो ती जागा बघा. हे सकाळी १० ला एकदा आणि दुपारी ४ ला एकदा करा, कारण ऊन फिरतं. गिऱ्हाइकाच्या जागी उभं राहूनही बघा. ताईंनी हे कधीच केलं नव्हतं. खरं सांगायचं तर मीही माझ्या पहिल्या ऑफिसात केलं नव्हतं.

त्यांनी टेबल काटकोनात फिरवलं. आता शटर डाव्या हाताला, स्क्रीनचं तोंड बाजूच्या भिंतीकडं. गिऱ्हाईक आत येऊन त्यांच्या शेजारी उभं राहतं. आतल्या भिंतीवरून स्क्रीनवर परतणारा उजेड दोनेक निट्सच्या आत येतो, म्हणजे २४० चे दोन! खर्च शून्य. शिवाय आधी रस्त्याकडं तोंड असल्यानं लख्ख उजेडाला सरावलेल्या डोळ्यांना स्क्रीन मंद वाटायची, तेही थांबलं. चारनंतर शटरला हिरवी शेडनेट अर्धी सोडतात. आणि पत्रिकेची कच्ची प्रिंट कागदावर काढून त्यावर गिऱ्हाइकाची सही घेतात.

डार्क मोड आवडत असेल तर उजेडाच्या दुकानात तो बंद ठेवा, काळ्यावर प्रतिबिंब जास्त दिसतं. पांढऱ्या शर्टाचंही तेच, बाहेर काम असेल त्या दिवशी गडद रंगाचा घाला.

आता खरेदी. फॉर्म, हिशोब, डीटीपी असं दिवसभर अक्षरांचं काम असेल तर मॅटच घ्या. फोटोचं काम असेल, समजा धर्मापुरीच्या किल्ल्यात प्री-वेडिंग शूट करून जोडप्याला घरी बसून फोटो निवडायला देता, तर ग्लॉसीवर काळा रंग गडद आणि रंग भरीव दिसतात, तिथं ग्लॉसी ठीक. टचस्क्रीन बहुतेक ग्लॉसीच येतात, ते लक्षात ठेवा. जुन्या ग्लॉसीवर मॅट फिल्म लावता येते, पण बारीक अक्षर किंचित पुसट होतं. फिल्म घ्यायची तर फक्त इंच सांगू नका, स्क्रीनची लांबी-रुंदी पट्टीनं मोजून न्या. जुन्या १५.६ इंची रुंद स्क्रीनची साधारण ३४.५ बाय १९.४ सेंटिमीटर भरते, नव्या थोड्या उंच येतात. लावताना पंखा बंद करा, आपल्याकडच्या धुळीचा एक कण राहिला तरी कायमचा फुगा दिसतो.