सभा तहकूब झाली, म्हणजे झालीच नाही का?

प्रश्न : चाकणजवळच्या एका गावात आमची प्राथमिक दूध उत्पादक सहकारी संस्था आहे. दूध शीतकरण यंत्रणेसाठी एमआयडीसीतली एक कंपनी पैसे द्यायला तयार झाली आहे. त्यांनी वार्षिक सभेची नोटीस आणि ठराव इंग्रजीत मागितले. पुतण्याने भाषांतर करून दिले, पण कंपनीकडून तीन शंका परत आल्या. सभा खरोखर झाली का? मागच्या सभेचे इतिवृत्त ‘पर्मनंट’ केले म्हणजे काय केले? आणि बाहेरून येणारी रक्कम अनुदान आहे की कर्ज? आमच्या मराठी ठरावात सगळे स्पष्ट आहे असे आम्हाला वाटते. मग चुकले कुठे?
— एक सचिव, खेड तालुका

उत्तर : तुमच्या तीन शंकांपैकी दोन भाषांतरामुळे निघाल्या आहेत. तिसरीचे मूळ मात्र मराठी ठरावातच आहे. हा फरक आधी सांगतो, कारण भाषांतरातली चूक भाषांतर सुधारून जाते, ठरावातली उणीव तशी जात नाही.

सभा झाली की नाही, या शंकेपासून सुरुवात करू. तुमच्या नोटिशीच्या तळाशी बहुधा ही नेहमीची टीप असणार : ‘गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास तीच सभा त्याच ठिकाणी अर्ध्या तासाने घेण्यात येईल व त्या सभेस गणपूर्तीची आवश्यकता राहणार नाही.’ पुढे इतिवृत्तात ‘तहकूब सभेत खालील ठराव मंजूर झाले’ असे वाक्य येते. आपल्याकडे तहकूब सभा म्हणजे थांबवून पुन्हा भरलेली सभा. हे पन्नास वर्षे सभांना बसणाऱ्या सभासदाला सांगावे लागत नाही. इंग्रजीत मात्र नुसते ‘मीटिंग ॲडजर्न्ड’ लिहिले की परक्या वाचकाला वाटते, लोक उठून घरी गेले. मग खालचे ठराव आले कुठून?

इथे भाषांतरकाराने घड्याळ दाखवावे. समजा सभा १० वाजता बोलावली होती, हजेरी कमी पडली आणि १०.३० वाजता ती पुन्हा सुरू झाली. तर इंग्रजीत तिन्ही गोष्टी क्रमाने याव्यात : ठरलेल्या वेळी किती सभासद हजर होते, गणपूर्ती नसल्याने सभा अर्धा तास पुढे ढकलली, आणि १०.३० वाजता किती उपस्थितीत ती पुन्हा सुरू झाली. यातली प्रत्येक गोष्ट इतिवृत्तात आणि हजेरीपत्रकात असलीच पाहिजे. तिथे नसलेला आकडा इंग्रजीत उगवू देऊ नका.

सूचनेच्या मुदतीचेही असेच आहे. वार्षिक सभेला पूर्ण किती दिवसांची सूचना लागते ते तुमच्या उपविधीत पाहा. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत पूर्ण १४ दिवस आहेत. ‘पूर्ण’ हा शब्द इंग्रजीत ‘क्लिअर डेज’ म्हणूनच जायला हवा, कारण त्यात नोटीस निघाल्याचा आणि सभेचा, असे दोन्ही दिवस धरत नाहीत. १० सप्टेंबरला नोटीस निघाली आणि २५ सप्टेंबरला सभा झाली, तर मधले ११ ते २४ हे १४ दिवस भरतात. भाषांतरात फक्त ‘१४ दिवस आधी’ आले, तर २४ तारखेची सभाही चालली असती असा अर्थ निघतो. वार्षिक सभा आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते, असे महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० चे कलम ७५ सांगते. तपासणारा वाचक ही तारीखही पाहतो. ‘सन २०२४-२५’ असे ठेवण्यापेक्षा ‘१ एप्रिल २०२४ ते ३१ मार्च २०२५ हे आर्थिक वर्ष’ असे उलगडून लिहा. जानेवारी ते डिसेंबर हिशेब करणाऱ्याला त्याने घोटाळा होत नाही.

आता ‘पर्मनंट’. ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’ हा जवळपास प्रत्येक नोटिशीतला पहिला विषय. इथे ‘कायम करणे’ म्हणजे मागच्या सभेत जे ठरले ते बरोबर नोंदवले गेले आहे असे सभेने मान्य करणे. इंग्रजीत त्याला ‘कन्फर्म’ म्हणतात. नोकरीत कायम होणे हा त्या शब्दाचा दुसरा अर्थ आहे, आणि पुतण्याच्या कानात तोच बसला असावा.

सभेच्या भाषेत जड असतात ती क्रियापदे, आणि घसरण तिथेच होते. ‘लेखापरीक्षण अहवाल वाचून त्याची नोंद घेणे’ म्हणजे सभेपुढे अहवाल आला आणि तो सभेला कळला, एवढेच. त्याचे भाषांतर ‘अप्रूव्ह’ केले तर अहवालातले आक्षेपही सभेने मान्य केले की काय, असा प्रश्न उभा राहतो. तिथे ‘नोट’ हेच क्रियापद हवे. ‘मंजुरी देणे’ म्हणजे ‘अप्रूव्ह’. ‘विचारविनिमय करणे’ म्हणजे नुसती चर्चा. तिथे निर्णय झालाच असे नाही. ‘सूचक’ म्हणजे ठराव मांडणारा, त्याचे इंग्रजी ‘प्रपोजर’. ‘अनुमोदक’ म्हणजे ‘सेकंडर’. ‘सर्वानुमते’ला ‘युनॅनिमसली’ चालते, पण त्यापुढे आपल्या मनाने मतांची संख्या लिहू नका. ‘बहुमताने’ असेल तर मात्र बाजूची आणि विरोधी मते इतिवृत्तात जशी आहेत तशी द्या.

तिसरी शंका सगळ्यांत महत्त्वाची, म्हणून तिच्यासाठी एक नमुना घेऊ. अशा ठरावाचे शब्द साधारण असे असतात :

‘विषय क्र. ६ : दूध शीतकरण यंत्रणा बसविण्याबाबत विचारविनिमय करून निर्णय घेणे. ठराव क्र. ६ : वरील विषयावर सविस्तर चर्चा होऊन यंत्रणा बसविण्यास ही सभा मंजुरी देत आहे. अंदाजे रु. १८,५०,०००/- खर्चापैकी रु. ३,५०,०००/- संस्थेच्या इमारत निधीतून व उर्वरित रक्कम बाहेरील साहाय्यातून उभारावी. याकामी करार करण्याचे अधिकार संचालक मंडळास देण्यात येत आहेत.’

यात ‘बाहेरील साहाय्य’ म्हणजे काय? अनुदान, देणगी की कर्ज? सभेत सगळ्यांना ठाऊक होते की कंपनी पैसे परत मागणार नाही. पण ते ठाऊक असणे कागदावर उतरलेले नाही. भाषांतर करणाऱ्याला इथे ‘ग्रँट’ लिहायचा मोह होतो, कारण खरे तेच आहे. तो मोह आवरायला हवा. तसे लिहिले की इंग्रजी कागद मराठी ठरावापेक्षा जास्त बोलतो. पुढे लेखापरीक्षकाने दोन्ही कागद शेजारी ठेवले, तर खोटेपणाचा संशय संस्थेवर येईल.

भाषांतरात ‘एक्स्टर्नल असिस्टन्स’ असेच राहू द्या, आणि उणीव संस्थेच्या दप्तरात भरून काढा. सभेने करार करण्याचे अधिकार संचालक मंडळास दिलेच आहेत. म्हणून मंडळाने आपल्या सभेत स्वतंत्र ठराव करावा : ठराव क्र. ६ नुसार ही रक्कम परतफेडीविना अनुदान म्हणून स्वीकारली जात आहे, आणि करारावर संस्थेच्या वतीने अध्यक्ष व सचिव सही करतील. मूळ ठरावात सही कोण करणार हेही नव्हते. ती उणीवही याच ठरावाने भरते. मग दोन्ही ठरावांची भाषांतरे आपापल्या तारखांसह जोडावीत. रक्कम कर्ज असती, तर एवढ्याने भागले नसते. बाहेरून कर्ज घेण्यावर कायद्याचे कलम ४३ आणि तुमचे उपविधी मर्यादा घालतात. तेव्हा प्रश्न पुन्हा सर्वसाधारण सभेपुढे नेणे आणि उपविधीतली कर्जमर्यादा तपासणे आवश्यक ठरले असते.

याच ठरावातले दोन शब्द जपा. ‘अंदाजे’ गाळू नका, नाहीतर सभेने १८,५०,००० ही पक्की रक्कम मंजूर केली असा अर्थ होतो. ‘उर्वरित’च्या जागी १५ लाखांचा आकडा घालू नका. वाचकाला सोयीचे वाटत असेल तर तो चौकटी कंसात भाषांतरकाराची टीप म्हणून द्या. लाखाचे स्वल्पविराम इंग्रजी पद्धतीने १,८५०,००० असे येतील, तेव्हा शेजारी अक्षरी रक्कमही लिहा. यंत्रणेचा विषय नोटिशीत स्वतंत्र क्रमांकाने आला होता की ‘आयत्या वेळचे विषय’ खाली घेतला, हेही लपवू नका. सभासदांना आधी कळले होते का, हे वाचकाला तिथूनच समजते.

तुम्ही विचारला नाहीत, पण पैसे अडवू शकेल असा एक शब्द राहिला : ‘संस्था’. तिचे भाषांतर कुठे ‘इन्स्टिट्यूट’, कुठे ‘रजिस्टर्ड सोसायटी’ असे होते. २०२१ मध्ये सुधारलेल्या सीएसआर नियमांत ‘नोंदणीकृत सोसायटी’ला ठरावीक अर्थ आहे. कंपनी ज्या संस्थांमार्फत आपला निधी खर्च करू शकते त्यांच्या यादीत तिचे नाव आहे, आणि तिथे प्राप्तिकराच्या नोंदणीसह इतर अटी येतात. तुमची संस्था १९६० च्या सहकार कायद्याखाली नोंदलेली आहे, १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली नव्हे. म्हणून पहिल्याच ओळीत ‘को-ऑपरेटिव्ह सोसायटी’ आणि पूर्ण कायद्याचे नाव द्या. तुम्ही निधी खर्च करणारी संस्था ठरता की त्याचा लाभ घेणारी, हे कंपनीच्या वकिलांनी ठरवायचे आहे. भाषांतराने ते आधीच ठरवून टाकू नये. तसेच पुणे जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघाचा उल्लेख असेल तर ‘संघ’ म्हणजे कामगार संघटना नव्हे, प्राथमिक संस्थांची जिल्हा पातळीवरची सहकारी संस्था आहे, एवढी टीप पुरे.

कागद पाठवण्यापूर्वी एक तपासणी करा. इंग्रजी प्रत घेऊन सभेला हजर असलेल्या, दोन्ही भाषा वाचणाऱ्या एका सभासदाला ती मोठ्याने मराठीत सांगायला लावा. तुम्ही समोर मूळ इतिवृत्त घेऊन बसा. सांगताना जिथे तो मूळपेक्षा जास्त बोलेल तिथे भाषांतराने भर घातली आहे, आणि जिथे कमी बोलेल तिथे काही गळले आहे. दोन्ही ठिकाणी खूण करा आणि दुरुस्ती झाल्यावरच सह्या करा. शेवटी लिहा : ही इतिवृत्त पुस्तकातील मराठी मजकुराची भाषांतरित प्रत आहे, तफावत आढळल्यास मूळ मराठी मजकूर ग्राह्य धरावा. हे वाक्य खरे ठरायचे असेल, तर जे मराठीत ठरलेच नाही ते इंग्रजीत ठरवून टाकू नका.