एकाच नाकपुडीतून वरचेवर घोळणा फुटत असेल तर

उन्हाळ्यात मुलांचा घोळणा फुटणं आपल्याकडे नवीन नाही. नाकाच्या पडद्याच्या अगदी पुढच्या भागात बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. नाक कोरलं, हवा कोरडी झाली, सर्दी झाली की ते फुटतं. थोडं रक्त येतं आणि दहा मिनिटं नाक दाबून धरलं की थांबतं. बहुतेक मुलांचं रक्त तिथलंच असतं आणि त्याला घाबरण्याचं कारण नसतं. मी लिहिते आहे ती गोष्ट वेगळी आहे, आणि ती वेगळी आहे हे ओळखता यावं म्हणूनच लिहिते आहे.

माझा मुलगा तेव्हा चौदा वर्षांचा होता, नववीत. त्याची डावी नाकपुडी कित्येक महिने चोंदलेली होती. ऋतू बदलला, सर्दी आली आणि गेली, पण ती बाजू काही मोकळी होईना. ॲलर्जी म्हणून गोळ्या झाल्या, नाकात घालायचे थेंब झाले. रात्री तो तोंड उघडं टाकून घोरायचा. बोलणं असं की फोनवर नातेवाईक विचारायचे, याला पुन्हा सर्दी झाली का? मग रक्त येऊ लागलं. दुखणं नाही, लागणं नाही, शिंकणंसुद्धा नाही. अभ्यास करता करता वहीवर टपटप रक्त. दरवेळी डावीकडूनच. आजी कांदा फोडून हुंगायला द्यायच्या, डोक्यावर गार पाणी थापायच्या, उष्णता झाली म्हणून सब्जा भिजवायच्या. एकदा रक्त थांबलं असं वाटून तो झोपला आणि पहाटे काळपट उलटी झाली. ते रक्त बाहेर न येता घशातून पोटात गेलं होतं.

तालुक्याच्या गावी एका दवाखान्यात तपासणी झाली. नाकात आत मांस वाढलंय, पॉलिप आहे, जागच्या जागी भूल देऊन थोडा तुकडा काढू आणि तपासायला पाठवू, असं सांगण्यात आलं. तारीखही ठरली. त्याआधी रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन आठच्याही खाली. चौदा वर्षांच्या, पोटभर जेवणाऱ्या मुलाचं रक्त इतकं कमी कसं, या एका प्रश्नासाठी आम्ही जिल्ह्याच्या ठिकाणी कान-नाक-घशाच्या दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो.

त्यांनी सुरुवातीला एक साधी गोष्ट केली. थंड, चकचकीत धातूची पट्टी त्याच्या नाकाखाली धरली आणि त्याला तोंड मिटून श्वास सोडायला सांगितला. उजव्या बाजूला वाफेचा गोल ठसा उमटला. डावी बाजू कोरडी. मग त्यांनी कानात पाहिलं. डाव्या कानाच्या पडद्यामागे पाणी साचलं होतं. शेवटची बाकं आवडतात म्हणून याला शिकवलेलं ऐकू येत नाही असं शाळेतून सांगत, त्याचं खरं कारण हे होतं. नाकाच्या मागे घशाच्या वरच्या भागात कानाकडे जाणाऱ्या नळीचं तोंड असतं. तिथे काही वाढलं की त्या बाजूचा कान बंद होतो.

नंतर दुर्बीण घातली आणि आम्हाला पडद्यावर दाखवलं. आत, पार मागच्या बाजूला, गुळगुळीत लालसर गाठ दिसत होती. साधा पॉलिप फिकट, ओलसर, जवळजवळ पारदर्शक दिसतो. हिच्यावर रक्तवाहिन्या स्पष्ट दिसत होत्या. त्यांनी दुर्बीण तिला टेकूही दिली नाही. म्हणाले, "ताई, मुलगा आहे, वय हे आहे, नाक एकाच बाजूला बंद आणि रक्तही त्याच बाजूने. स्कॅन होईपर्यंत हिला कुणीही हात लावायचा नाही. तुकडा तर मुळीच काढायचा नाही."

या गाठीचं नाव ज्युव्हेनाइल नेझोफॅरिंजियल अँजिओफायब्रोमा. डॉक्टर मंडळी नुसतं अँजिओफायब्रोमा म्हणतात. ती दुर्मिळ आहे आणि जवळजवळ फक्त वयात येणाऱ्या मुलग्यांनाच होते. ती कर्करोग नाही, शरीरात दुसरीकडे पसरत नाही. पण आजूबाजूला मात्र वाढत जाते. तिचा उगम नाकाच्या मागच्या कोपऱ्यात, जिथून एक मोठी रक्तवाहिनी नाकात शिरते त्या छिद्रापाशी असतो. तिथून ती नाकात, घशाच्या वरच्या पोकळीत, गालाच्या मागे, कधी डोळ्याच्या खोबणीकडे आणि वाढू दिली तर मेंदूच्या तळापर्यंत पोहोचते. गाल फुगणं, डोळा पुढे येणं, दोन-दोन दिसणं ही तिच्या पसरण्याची लक्षणं.

तुकडा का काढायचा नाही, हेही त्यांनी नीट समजावलं. नेहमीची रक्तवाहिनी कापली गेली की तिच्या भिंतीतला स्नायू आकसतो आणि रक्त थांबायला मदत होते. या गाठीतल्या रक्तवाहिन्यांच्या भिंतींत तो स्नायू नसतो किंवा नावापुरताच असतो. त्या कापल्या तर आकसत नाहीत, रक्त वाहत राहतं. रक्ताच्या पिशव्या नाहीत, भूलतज्ज्ञ नाहीत अशा बाह्यरुग्ण खोलीत तुकडा काढायला जाणं जिवावर बेतू शकतं. एरवी गाठ दिसली की आधी तुकडा तपासा म्हणतात. इथे तुकड्याशिवाय, स्कॅनवरूनच निदान होतं.

सीटी स्कॅन शिरेतून औषध देऊन केला. गाठीत रक्त भरपूर असल्यामुळे औषध पोहोचताच ती उजळून निघते. सोबत हाडांचं चित्र कळतं. आमच्या मुलाच्या स्कॅनमध्ये गाठीच्या उगमापाशी असलेलं ते छिद्र रुंदावलेलं होतं आणि गालाच्या पोकळीची मागची भिंत पुढे ढकलली जाऊन कमानीसारखी वाकली होती. ही वाकलेली भिंत म्हणजे या आजाराची ओळखीची खूण. पुढे एमआरआय झाला. गाठ कुठे संपते, डोळ्याच्या आणि मेंदूच्या बाजूला किती गेली आहे, हे त्यात जास्त नीट कळतं. आमची गाठ गालाच्या मागच्या फटीत शिरली होती, डोळ्यापर्यंत गेली नव्हती.

शस्त्रक्रियेआधी दोन तयाऱ्या झाल्या. एक, रक्त. हिमोग्लोबिन वर आणलं, रक्तगट जुळवून पिशव्या राखून ठेवल्या, त्यासाठी मामा-काकांनी रक्तदान केलं. दुसरी तयारी एम्बोलायझेशनची. जांघेतल्या रक्तवाहिनीतून बारीक नळी वर मानेपर्यंत नेतात, गाठीला रक्त पुरवणारी शाखा एक्स-रेच्या पडद्यावर शोधतात आणि तिच्यात बारीक कण सोडून ती बंद करतात. त्यानंतर साधारण एक ते तीन दिवसांत ऑपरेशन उरकायचं असतं. जास्त थांबलं तर शेजारच्या वाहिन्यांतून गाठीला पुन्हा रक्त मिळू लागतं. याला धोका नाही असं नाही. त्या शाखांचा डोळ्याच्या आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांशी संबंध असू शकतो; कण चुकीच्या वाटेने गेले तर दृष्टी जाण्याचा किंवा पक्षाघाताचा धोका, क्वचित का होईना, असतो. संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी हे आम्हाला सांगितलं गेलं. तुम्हालाही सांगितलं जावं. नाही सांगितलं तर विचारावं. नंतर दोन दिवस मुलाचा गाल आणि जबडा दुखत होता, अंग किंचित गरम होतं.

ऑपरेशन पूर्ण भूल देऊन, नाकातूनच, दुर्बिणीने झालं. चेहऱ्यावर चिरा नाही. गाठ फार पसरलेली असेल तर मात्र ओठाखालून किंवा बाहेरून वाट करावी लागते. गाठ काढल्यावर ज्या हाडात तिचं मूळ गेलेलं असतं ते हाडही घासून काढतात, कारण तिथे गाठीचा कण राहिला तर ती पुन्हा वाढते. रक्त गेलंच, पिशवी चढवावी लागलीच, पण हाताबाहेर गेलं नाही. काढलेली गाठ तपासायला गेली आणि निदान पक्कं झालं ते तेव्हा.

घरी आल्यावर काम होतं ते मिठाच्या पाण्याने नाक धुण्याचं. आत खपल्या धरतात, त्या मऊ होऊन निघाव्या लागतात. जोरात नाक शिंकरायचं नाही, जड उचलायचं नाही, शौचाला कुंथायचं नाही. गालाचा थोडा भाग बधिर राहिला होता, तो हळूहळू ओसरला.

आणि इथे बरेच पालक सुटकेचा श्वास सोडून तपासण्या थांबवतात. तसं करू नका. ही गाठ परत येते ती बहुधा मागे राहिलेल्या कणातून, आणि बहुतेकदा पहिल्या एक-दोन वर्षांत. आमच्या मुलाच्या पहिल्या एमआरआयमध्ये नाकामागच्या हाडात बारीक ठिपका दिसला. डॉक्टरांनी लगेच पुन्हा चिरायला घेतलं नाही. लहान, त्रास न देणारा अंश स्कॅनवर लक्ष ठेवून पाहता येतो, वाढला तरच काढायचा, असं ते म्हणाले. पुढच्या स्कॅनमध्ये तो तेवढाच होता. आजही तपासणी चालू आहे. तो नाकाने श्वास घेतो, उजव्या-डाव्या दोन्हीने.

आता थोडं थेट तुमच्यासाठी.

रक्त येत असताना मुलाला बसवा आणि पुढे झुकवा. आडवं करू नका, मान मागे टाकू नका. रक्त घशात जातं आणि किती गेलं ते कळत नाही. हाडाखालचा नाकाचा मऊ भाग चिमटीत सलग दहा मिनिटं धरा, मध्ये सोडून पाहू नका. तोंडात आलेलं रक्त थुंकायला सांगा. वीस मिनिटांत थांबलं नाही, रक्ताची उलटी झाली, मुलगा पांढरा पडला किंवा चक्कर आली तर थेट रुग्णालय गाठा. ही गाठ मागे असल्यामुळे पुढून नाक दाबून रक्त थांबेलच असं नाही. ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका, त्यांनी रक्तस्राव वाढतो.

डॉक्टरांकडे जाताना नाक कोणत्या बाजूचं, कधीपासून बंद आहे आणि रक्त कोणत्या बाजूने येतं, हे लिहून न्या. ऐकू कमी येतं का, घोरतो का, तेही सांगा. हिमोग्लोबिन तपासून घ्या. पॉलिप किंवा ॲडिनॉइड म्हणून कुणी काढायला निघालं, तर एवढंच विचारा: दुर्बिणीने मागपर्यंत पाहिलं का, आणि औषध देऊन स्कॅन झाला का? शस्त्रक्रियेसाठी एम्बोलायझेशनची सोय, रक्तपेढी आणि दुर्बिणीने अशा गाठी काढणारे शल्यविशारद एकाच ठिकाणी असतील असं मोठं रुग्णालय निवडा. वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चौकशी जरूर करा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत यातलं काय बसतं, हे तिथल्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड दाखवून आधीच विचारून घ्या.

वयात येणारा मुलगा, एका बाजूचं बंद नाक आणि त्याच बाजूने पुन्हा पुन्हा भरपूर रक्त: या तीन गोष्टी एकत्र आल्या तर स्कॅन होईपर्यंत त्याच्या नाकातल्या कोणत्याही गाठीला कुणालाही चिमटा लावू देऊ नका.