दुकानातली नोटीस

तालुक्याच्या गावी एक केशकर्तनालय आहे. पाच खुर्च्या, पाच कारागीर. बाळू, इरफान, सुनील, रमेश आणि गणपतराव. (नावे धड्यासाठी मनाची घेतली आहेत.) दुकान दर सोमवारी बंद असे. सगळ्यांची सुटी एकाच दिवशी. कामाच्या वेळेला काही धरबंध नव्हता. सकाळी आठला यायचे आणि गिऱ्हाईक संपेल तेव्हा जायचे.

पूर्वी १९४८ च्या कायद्याप्रमाणे दुकानाला आठवड्यातून एक दिवस बंद ठेवावा लागे. २०१७ च्या नव्या कायद्याने महाराष्ट्रात सातही दिवस दुकान उघडे ठेवायची मोकळीक दिली. पण कामगाराला दर आठवड्याला सलग २४ तासांची विश्रांती मिळालीच पाहिजे, असेही त्यात आहे. म्हणजे दुकानाला सुटी नसली तरी माणसाला आहे. मालकाने ठरवले की आता सोमवारीही दुकान उघडायचे आणि सुटी पाळीपाळीने द्यायची.

तोंडी सांगितले असते तर एकाने सोमवार ऐकला असता, दुसऱ्याने मंगळवार. मग हजेरीत खाडा, खाड्याचा पगार कापला, आणि भांडण. म्हणून मालकाने कागद लिहिला आणि आरशाशेजारी लावला. तो असा:

सूचना
तारीख २६ मे २०२६, मंगळवार

दुकानातील सर्व कारागिरांस कळविण्यात येते की, सोमवार तारीख १ जून २०२६ पासून पुढील बदल होत आहेत.

१. दुकान सातही दिवस उघडे राहील.

२. सकाळची पाळी : सकाळी ८ ते सायंकाळी ५. जेवणाची सुटी दुपारी १ ते २. बाळू, इरफान.

३. दुपारची पाळी : दुपारी १२ ते रात्री ९. विश्रांती दुपारी ४ ते ५. सुनील, गणपतराव. रात्री ८॥ नंतर नवे गिऱ्हाईक खुर्चीवर घेऊ नये.

४. रमेश याने ज्या पाळीतला माणूस सुटीवर असेल त्या पाळीत यावे. शनिवारी दुपारच्या पाळीत यावे.

५. रविवारी सर्वांनी सकाळी ८ ला यावे. रविवारी दुकान सायंकाळी ५ ला बंद होईल.

६. साप्ताहिक सुटी : पहिल्या आठवड्यात सोमवार (१ जून) बाळू, मंगळवार (२ जून) इरफान, बुधवार (३ जून) सुनील, गुरुवार (४ जून) रमेश, शुक्रवार (५ जून) गणपतराव. पुढे दर आठवड्याला प्रत्येकाची सुटी एक वार पुढे सरकेल. शुक्रवारनंतर सोमवार येईल. शनिवार-रविवार कोणासही सुटी नाही.

७. सुटी आपसांत बदलायची असल्यास दोघांनी आदल्या दिवशी मालकास सांगून हजेरीपुस्तकात सही करावी.

मालकाची सही

आता हा कागद वाचू या. प्रथम तारीख पाहा. कागदावर दोन तारखा आहेत. २६ मे ही कागद लावल्याची तारीख. बदल १ जूनपासून. पुष्कळ लोक वरची तारीख वाचतात आणि आजपासूनच बदल झाला असे समजतात. "पासून" हा शब्द कुठे आहे तो शोधावा. त्याच्या आधी जी तारीख असेल ती खरी.

नंतर वेळ. नुसते "१२ ते ९" लिहिले असते तर काय समजायचे? म्हणून प्रत्येक आकड्याआधी सकाळी, दुपारी, सायंकाळी, रात्री असे लिहिले आहे. सकाळची पाळी मोजा. आठ ते पाच नऊ तास झाले. त्यातून जेवणाचा एक तास वजा केला, राहिले आठ. सहा दिवसांचे अठ्ठेचाळीस. दुपारच्या पाळीचेही तेवढेच. रात्री साडेआठची अट दिसायला लहान आहे, पण तिच्यावाचून नऊची वेळ कागदावरच राहते. पावणेनऊला एकाची दाढी नि डोक्याचे मालिश सुरू केले की साडेनऊ वाजलेच!

बाकी राहिली सुटी. इथे गणपतराव अडले.

मालकाने आधी कच्च्या कागदावर "सुटी एक वार मागे सरकेल" असे लिहिले होते. गणपतरावांनी तो कागद वाचला आणि बोटे मोजली. म्हणाले, "शेठ, बाळूची सुटी सोमवारी, एक जूनला. मागे सरकली की पुढच्या आठवड्यात शुक्रवारी, बारा जूनला. मधे दोन तारखेपासून अकरा तारखेपर्यंत सलग दहा दिवस पोराने उभे राहायचे?"

मालक म्हणाले, "पण मी तर दर आठवड्याला एक सुटी देतोय."

"देताय हो. पण एक आठवड्याच्या सुरवातीला नि दुसरी शेवटाला. मधला पल्ला लांबतो."

मग पुढे सरकवून पाहिले. बाळूची सुटी १ जून, नंतर मंगळवार ९ जून. मधे सात दिवस काम. शुक्रवारवाला सोमवारवर येतो, त्याला मधे शनिवार-रविवार असे दोनच दिवस काम. सात दिवस एकदम काम हेही थोडे जास्तच. पण दहापेक्षा बरे. म्हणून कागदात "पुढे" आले. एका शब्दाने तीन दिवस वाचले.

तरी एक गोष्ट राहिली होती. जुनी शेवटची सुटी सोमवारी, २५ मेला झाली. गणपतरावांची नवी सुटी ५ जूनला. म्हणजे २६ मे ते ४ जून, पुन्हा दहा दिवस! रमेशचे नऊ. पाळी बदलताना असा खड्डा नेहमी पडतो, आणि जो यादीत शेवटी असतो तो त्यात पडतो. गणपतराव वयाने मोठे, गुडघे दुखतात. पण तरुणालाही दहा दिवस उभे राहणे सोपे नाही.

मालकाने पुन्हा हिशेब केला आणि सहीखाली एक ओळ वाढवली:

"८. बदलाच्या वेळी लांब पल्ला पडतो म्हणून रमेश यास गुरुवार २८ मे व गणपतराव यांस शुक्रवार २९ मे रोजी जादा सुटी राहील. या सुटीचा पगार कापला जाणार नाही."

खाली पुन्हा सही केली. सहीनंतर वाढवलेल्या ओळीखाली दुसरी सही लागते, नाहीतर ती कोणी लिहिली हे कळत नाही. शेवटचे वाक्य इरफानने मागून घेतले. जादा सुटी म्हटली की ती पगारी की बिनपगारी, हे महिनाअखेरीला विचारण्यापेक्षा त्याच दिवशी विचारलेले बरे.

पाचही जणांनी कागद वाचला आणि वाचल्याची सही केली. बाळूने अंगठा न उठवता आपले नाव लिहिले.

आता तुम्ही काढा : सुनीलची सुटी पहिल्या आठवड्यात बुधवारी, ३ जूनला आहे. तिसऱ्या आठवड्यात ती कोणत्या वारी आणि कोणत्या तारखेला येईल? आणि त्या दिवशी रमेशने सकाळी आठला यायचे की दुपारी बाराला?