वेबिनारची नोंदणी आणि अडकलेले अर्ज

आमच्या वाणिज्य मंडळातर्फे जी.एस.टी. विवरणपत्रावरील व्याख्यान झूम वेबिनारवर ठेवले होते. नोंदणीचे काम मजकडे आले. ते करताना झालेली चूक पुढील मंडळींना उपयोगी पडावी, म्हणून हा लेख.

नोंदणीच्या पानावर मंजुरीचे दोन प्रकार असतात. `Automatically Approve` निवडल्यास अर्ज भरताच प्रवेशाचा दुवा ई-मेलने जातो. `Manually Approve` निवडल्यास प्रत्येक अर्ज आपण पाहून मंजूर करेपर्यंत दुवा जात नाही. बाहेरची गर्दी नको म्हणून मी दुसरा प्रकार घेतला आणि हजेरी क्रमांकाचा एक प्रश्न जोडला.

व्याख्यान शनिवारी सकाळी ११ वाजता होते. एकूण १४० अर्ज आले. पैकी २८ जणांनी हजेरी क्रमांक लिहिला नव्हता. ‘नंतर पाहू’ म्हणून मी ते तसेच ठेवले. तेरीज जुळेना की फरक सस्पेन्स खात्यात टाकतात, तसाच हा प्रकार झाला.

स्मरणपत्रे `Email Settings` मध्ये ठरवावी लागतात. एक आठवडा, एक दिवस आणि एक तास आधी, अशी ती पाठवता येतात. मी शेवटच्या दोन वेळा निवडल्या. परंतु स्मरणपत्र केवळ मंजूर अर्जदारांनाच जाते. त्यामुळे शुक्रवारी ११२ जणांना पत्र गेले, उरलेल्या २८ जणांना नाही. शनिवारी सव्वादहाला चूक ध्यानात येऊन मी ते अर्ज मंजूर केले. त्यांना दुवा मिळाला खरा, पण एक तास आधीचे स्मरणपत्र दहालाच निघून गेले होते. त्यांतले बरेच जण खेड्यांतून येणारे. अनेकांनी ते पत्र संध्याकाळीच उघडले.

आता उरले ध्वनिचित्रमुद्रण. दुवा हवा असेल तर मुद्रण संगणकावर न करता क्लाऊडवर करावे. ते तयार होण्यास साधारणपणे व्याख्यानाच्या दुप्पट वेळ लागतो. आमच्या दीड तासाला तीन तास धरावेत, कधी अधिकही. हजर आणि गैरहजर यांच्यासाठी व्याख्यानोत्तर पत्रे वेगवेगळी असतात. ती एक ते सात दिवसांनी पाठवता येतात. मात्र मुद्रणाचा दुवा त्यांत आपोआप येतो असे समजू नये. पत्राचा मजकूर उघडून दुवा, आणि सांकेतिक शब्द असल्यास तोही, स्वतः घालावा. मी तो मराठी व कन्नड अशा दोन्ही ओळींखाली घातला. `Follow-up Email to Absentees` सुरू असल्याने उशिरा मंजूर झालेल्या गैरहजरांनाही रविवारी दुवा पोहोचला. अर्ज तसेच पडून राहिले असते, तर हेही पत्र त्यांना मिळाले नसते.

तेव्हा माझा नियम असा: पहिले स्मरणपत्र निघण्याच्या आदल्या रात्री प्रलंबित यादी उघडावी आणि प्रत्येक नावापुढे ‘होय’ किंवा ‘नाही’ लिहूनच ती बंद करावी.