पहिले कॅड पॅकेज कोणते?

कॅड पॅकेज निवडताना माप बदलल्यावर काय घडते, हे पाहावे. समजा, १०० मिमी रुंद प्लेटमध्ये उजव्या कडेपासून १० मिमीवर छिद्र आहे आणि रुंदी १२० मिमी करावयाची आहे. ऑटोकॅडच्या साध्या द्विमितीय रेखाचित्रात प्रत्येक दृश्य स्वतंत्रपणे सुधारावे लागते. एखादे राहून गेल्यास कारखान्यात चुकीचा भाग तयार होऊ शकतो. सॉलिडवर्क्समध्ये एक माप बदलताच छिद्र सरकते व सर्व दृश्ये सुधारतात. मात्र छिद्राचे माप त्याच कडेपासून दिलेले असावे. म्हणून यांत्रिकी विद्यार्थ्यांनी सॉलिडवर्क्सपासून प्रारंभ करावा. स्थापत्य कामांचे नकाशे बहुधा द्विमितीय असल्याने तेथे ऑटोकॅड प्रथम शिकावे. वास्तुरचनेत त्यानंतर लगेच रेव्हिट घ्यावे. त्यात एक दार काढल्यास आराखडा, छेद व दारांची सूची एकाच वेळी बदलते.